गुडघ्यावर दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर रजेचा आणि टप्प्याटप्प्याने रुजू होण्याचा अर्ज कसा लिहावा?

प्रश्न: माझ्या उजव्या गुडघ्यातल्या फाटलेल्या मेनिस्कसला, म्हणजे दोन हाडांमधल्या कूर्चेच्या गादीला, २ मार्चला दुर्बिणीतून टाके घालणार आहेत. मी कारखान्यात दर्जा तपासनीस आहे. आठ तासांची पाळी, आठवड्याचे सहा दिवस. बहुतेक वेळ उभं राहणं, जिने चढणं-उतरणं, खालच्या रॅकमधला माल उकिडवं बसून बघणं, अधूनमधून १५ किलोपर्यंतचे खोके उचलणं असं काम आहे. एक सहकारी अशाच ऑपरेशननंतर दहा दिवसांत कामावर आला होता. माझे डॉक्टर तीन महिने म्हणतात. एचआर म्हणतं, एकच काय ती तारीख लिहून द्या. रजा किती मागू आणि अर्ज कसा लिहू?

उत्तर:

सहकाऱ्याचे दहा दिवस आणि डॉक्टरांचे तीन महिने, दोन्ही बरोबर असू शकतात. बहुधा त्याच्या मेनिस्कसचा फाटलेला तुकडा कापून काढला असेल आणि तुमच्या मेनिस्कसला टाके पडणार आहेत. गुडघ्यावर बाहेरून दिसणारी दोन-तीन छोटी छिद्रे दोन्हींत बहुधा सारखीच असतात. म्हणूनच ‘दुर्बिणीतून म्हणजे किरकोळ’ असा समज होतो आणि रजेचा वाद तिथेच सुरू होतो.

तुकडा काढून टाकल्यावर आत जुळून येण्यासारखे फारसे काही उरत नाही. सहसा पहिल्या दिवसापासून पायावर भार देता येतो, बसून करायचे काम आठवड्या-दोन आठवड्यांत सुरू होते आणि उभे राहण्याचे काम साधारण चार ते सहा आठवड्यांत. टाके घातले की हिशेब वेगळा. मेनिस्कसला रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेकडून होतो, त्यामुळे फाटलेल्या कडा सावकाश जुळतात. तोवर सगळा ताण टाक्यांच्या दोऱ्यावर असतो. गुडघा काटकोनापेक्षा जास्त वाकवून त्यावर वजन दिले की मेनिस्कसचा मागचा भाग दोन हाडांमध्ये दाबला जातो आणि बहुतेक वेळा टाके नेमके तिथेच असतात. म्हणून पहिले सहा आठवडे बहुतेक सर्जन ब्रेस लावायला सांगतात, भार किती द्यायचा ते ठरवून देतात आणि गुडघा ९० अंशांपर्यंतच वाकवू देतात. उकिडवे बसणे तर साधारण चार महिने बंद असते. तुमच्या कामात उकिडवे बसणे रोजचे आहे, त्यामुळे अर्जात हा मुद्दा दुखण्यापेक्षाही महत्त्वाचा ठरतो.

आता एक अडचण. टाके घालायचे की तुकडा काढायचा, हे नक्की ठरते ते दुर्बीण आत गेल्यावर. एमआरआय पाहून टाके ठरवलेले असतात, पण आतली किनार फारच झिरझिरीत निघाली तर सर्जन तुकडा काढून मोकळे होतात. याच्या उलटही होते. म्हणून एकाच अर्जात सगळे बसवण्यापेक्षा दोन कागद द्या. शस्त्रक्रियेआधी एक छोटे सूचनापत्र आणि टाके काढण्याच्या भेटीनंतर, म्हणजे साधारण १० ते १४ दिवसांनी, मुख्य अर्ज. वरचे कातडीचे टाके निघाले म्हणजे आतलेही निघाले असे नव्हे, हे एचआरमधल्या माणसालाही माहीत असेलच असे नाही. गरज वाटली तर अर्जात तसे एका वाक्यात लिहा.

पहिल्या पत्रात रजा सहा आठवड्यांचीच मागा आणि ‘शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष काय केले गेले त्यानुसार हा कालावधी कमी होऊ शकतो, डिस्चार्जनंतर अंतिम अर्ज सादर करीन’ असे एक वाक्य घाला. मंजूर झालेली रजा कमी करून लवकर येणे सोपे असते. दोन आठवड्यांची मागून ती दोनदा वाढवायला गेलात की तिसऱ्या वेळी तुमच्या दुखण्यावरच शंका घेतली जाते. ‘चार ते सहा आठवडे’ असेही लिहू नका. वाचणारा त्यातले चार उचलतो आणि पाचव्या आठवड्यात फोन करतो.

डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर शस्त्रक्रियेचे नाव शब्दशः वाचा. ‘मेनिस्कस रिपेअर’ म्हणजे टाके, ‘पार्शियल मेनिसेक्टॉमी’ म्हणजे तुकडा काढला. त्यासोबत ‘रूट रिपेअर’, ‘मायक्रोफ्रॅक्चर’ किंवा ‘एसीएल’ असे काही लिहिलेले असेल, तर खालचे वेळापत्रक तुम्हाला लागू नाही. रूट रिपेअर आणि मायक्रोफ्रॅक्चर यांत तर कित्येकदा सहा आठवडे पायावर अजिबात भार देऊ देत नाहीत. बाजूही तपासा. उजव्याच्या जागी डावा गुडघा लिहिलेला कागद एचआरकडे गेला, तर पुढचे दोन आठवडे तो दुरुस्त करण्यात जातात.

डॉक्टरांकडून काय लिहून घ्यायचे

अर्ज फेटाळला जाण्याचे एक मोठे कारण अर्जाच्या मजकुरात नसते, सोबतच्या प्रमाणपत्रात असते. नेहमीचे प्रमाणपत्र असे असते: ‘यांना सहा आठवडे विश्रांतीचा सल्ला देण्यात येत आहे’ आणि सहा आठवड्यांनी दुसरे, ‘हे कामावर रुजू होण्यास योग्य आहेत’. या दोन कागदांच्या मध्ये टप्प्याटप्प्याने रुजू होण्याला जागाच उरत नाही. एचआरच्या दृष्टीने तुम्ही कालपर्यंत आजारी होता आणि आजपासून पूर्ण बरे आहात. मग चार तासांची पाळी कशासाठी?

हवे असते ते ‘बंधनांसह कामास योग्य’ असे प्रमाणपत्र. ते मिळवायचे तर डॉक्टरांना तुमचे काम आकड्यांत सांगावे लागते. ‘उभे राहण्याचे काम आहे’ एवढ्याने त्यांना काहीच कळत नाही. दुकानात बसणाराही तेच सांगतो. भेटीला जाण्याआधी अर्ध्या पानावर एवढे लिहून न्या: पाळीत एकूण किती तास उभे राहता आणि सलग जास्तीत जास्त किती मिनिटे; जिन्याच्या किती पायऱ्या, दिवसातून किती वेळा; उकिडवे किती वेळा बसावे लागते; सर्वांत जड वस्तू किती किलोची आणि ती जमिनीवरून उचलता की टेबलावरून; कामावर कसे येता-जाता. समजा, तुमच्या बाबतीत हे सहा तास उभे राहणे, सलग एक तास, २० पायऱ्यांचा जिना आठ वेळा, उकिडवे तीसेक वेळा, १५ किलो जमिनीवरून आणि दुचाकी असे निघाले. हा कागद पाहिल्यावर डॉक्टर प्रत्येक ओळीसमोर ‘चालेल’, ‘इतकेच’ किंवा ‘अमुक तारखेपर्यंत नाही’ असे लिहू शकतात. तोच मजकूर प्रमाणपत्रावर उतरवून द्यायची विनंती करा. फिजिओथेरपिस्टकडे जात असाल तर हा कागद आधी त्यांना दाखवा. मर्यादांचे आकडे ते जास्त नेमके भरून देतात आणि सर्जन त्यावर सही करतात.

प्रमाणपत्राचा मजकूर साधारण असा असावा: ‘यांच्या उजव्या गुडघ्यावर २ मार्च २०२६ रोजी मेनिस्कस रिपेअर शस्त्रक्रिया झाली आहे. १२ एप्रिलपर्यंत पूर्ण रजेची आवश्यकता आहे. १३ एप्रिलपासून सोबतच्या तक्त्यातील बंधनांसह काम करण्यास ते योग्य राहतील असे अपेक्षित असून १० एप्रिल रोजी फेरतपासणी होईल.’ यातला ‘अपेक्षित’ हा शब्द डॉक्टरांसाठी सोयीचा आहे. एक महिना आधी कोणीही छातीठोक हमी देत नाही आणि हमी मागितली तर बहुतेक जण प्रमाणपत्रच देणार नाहीत. फेरतपासणीची तारीख मात्र नक्की हवी. एचआरला जी ‘एकच तारीख’ हवी आहे, ती ही. त्या दिवशी नवा कागद येणार आहे हे कळले की अनिश्चिततेची तक्रार बरीच कमी होते.

एमआरआयच्या फिल्म, दुर्बिणीतले फोटो, शस्त्रक्रियेचे सविस्तर टिपण अर्जाला जोडू नका. एचआरला तुम्ही काय करू शकता आणि काय नाही, एवढेच कळायला हवे. अहवालातली ‘झीज’, ‘जुना बदल’ असली वाक्ये वाचून कोणीतरी त्यांचा भलताच अर्थ काढतो.

टप्पे कसे ठरवायचे

सहा आठवडे पूर्ण रजा कशासाठी? बसून काम असते, घरून काम करता आले असते किंवा दारापर्यंत गाडी आणि आत लिफ्ट असती, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच सुरुवात करता येते. ती सोय तुमच्याकडे असेल तर जरूर मागा. पण कुबड्या आणि ब्रेस घेऊन कारखान्याच्या फरशीवर फिरणे म्हणजे तेलकट जागेवर घसरण्याचा धोका. त्यातून ओल्या किंवा तेलकट फरशीवर कुबडी घसरली की माणूस तोल सावरायला नेमका ऑपरेशनचाच पाय जोरात टेकवतो.

सहा आठवड्यांनंतर अडथळा बदलतो. आता टाक्यांइतकीच मांडीची ताकद महत्त्वाची. गुडघ्यात पाणी किंवा सूज असली की मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूकडून जाणारा आदेशच दबला जातो. स्नायू इच्छा असूनही पूर्ण आवळत नाही. मग जिना उतरताना गुडघा एकदम ढिला पडल्यासारखा होतो. जास्त वेळ उभे राहिले की सूज, सुजेमुळे स्नायू कमजोर, कमजोर स्नायूमुळे आणखी सूज, असे हे चक्र असते. टप्प्याटप्प्याने रुजू होण्याचा खरा उद्देश हे चक्र सुरूच होऊ न देणे हा आहे. त्यामुळे टप्प्यांत निव्वळ तास वाढवू नका. प्रत्येक टप्प्यात तासांबरोबर उभे राहण्याची मर्यादाही वेगळी ठरवा आणि दोन्ही थोडी थोडीच वाढवा.

तुमच्या उदाहरणात पहिले दोन आठवडे चार तास, बहुतेक बसून. पुढचे दोन सहा तास, त्यातले दोन तास उभे राहून. त्यानंतरचे दोन पूर्ण आठ तास, त्यातले निम्मे उभे राहून. २५ मेपासून स्वतःच्या जागी पूर्ण पाळी, फक्त उकिडवे बसणे आणि जड उचलणे वगळून. हे डॉक्टरांच्या ‘तीन महिन्यांशी’ बरोबर जुळते. फरक एवढाच की त्यातला निम्मा काळ तुम्ही कामावर असता.

हा फरक अर्जात आकड्यांत मांडा, कारण मंजुरी देणाऱ्याला तोच पटतो. सहा दिवसांच्या आठवड्याने बारा आठवडे सलग रजा म्हणजे कामाचे ७२ दिवस. टप्प्यांच्या योजनेत सहा आठवड्यांचे ३६ दिवस, नंतर १२ अर्धे दिवस म्हणजे ६, आणि पुढचे १२ दिवस रोज दोन तास कमी म्हणजे २४ तास, अर्थात ३ दिवस. एकूण ४५. कारखान्याला २७ दिवसांचे काम जास्त मिळते. मधल्या रविवारांची आणि सुट्ट्यांची गणना रजेत होते की नाही, हे तुमच्या आस्थापनेच्या रजा-नियमांत पाहा आणि त्याप्रमाणे आकडे बदला.

यात एक पेच हमखास येतो. बहुतेक ठिकाणी रजेच्या नोंदीत पूर्ण दिवस किंवा अर्धा दिवस एवढेच बसते. रोज दोन तास कमी ही नोंद होतच नाही आणि तेवढ्यावरून सगळी योजना नाकारली जाते. अशा वेळी दुसरा टप्पा एकाआड एक करा: एक दिवस चार तास, दुसऱ्या दिवशी आठ तास. बारा दिवसांत सहा अर्ध्या रजा, म्हणजे तेच ३ दिवस. माझ्या मते गुडघ्याला हे थोडे जास्तच सोयीचे पडते, कारण प्रत्येक लांब दिवसानंतर हलका दिवस येतो.

मुख्य अर्जाचा नमुना

दिनांक: १४ मार्च २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
(मार्फत: विभागप्रमुख, दर्जा नियंत्रण)

विषय: गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वैद्यकीय रजा आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने रुजू होण्याची परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

दि. २३ फेब्रुवारीच्या सूचनापत्रात कळवल्याप्रमाणे दि. २ मार्च २०२६ रोजी माझ्या उजव्या गुडघ्यावर दुर्बिणीद्वारे मेनिस्कसला टाके घालण्याची शस्त्रक्रिया झाली. डिस्चार्ज कार्डाची आणि वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे.

१. दि. २ मार्च ते १२ एप्रिल २०२६ या कालावधीची रजा मंजूर व्हावी ही विनंती. प्रथम शिल्लक वैद्यकीय रजा व ती संपल्यास अर्जित रजा वापरावी.

२. दि. १३ एप्रिलपासून मी पुढीलप्रमाणे काम करू शकेन असे वैद्यकीय मत आहे:

(अ) १३ ते २६ एप्रिल: दररोज ४ तास. बसून करायचे काम. सलग उभे राहणे १५ मिनिटांपर्यंत.
(आ) २७ एप्रिल ते १० मे: दररोज ६ तास. त्यापैकी उभे राहणे एकूण २ तासांपर्यंत, सलग ३० मिनिटांपर्यंत.
(इ) ११ ते २४ मे: पूर्ण ८ तास. त्यापैकी उभे राहणे एकूण ४ तासांपर्यंत, सलग ४५ मिनिटांपर्यंत.
(ई) २५ मेपासून: माझ्या नेहमीच्या जागी पूर्ण पाळी.

३. दि. २ जुलैपर्यंत उकिडवे बसणे, गुडघे टेकून काम करणे व शिडीवर चढणे वर्ज्य आहे. वजन उचलण्याची मर्यादा २४ मेपर्यंत ५ किलो व त्यानंतर १० किलो आहे, तेही कमरेच्या उंचीवरून. जिना कठड्याला धरून, पाळीत दोनदा.

४. या काळात मी पुढील कामे करू शकेन: तपासणी अहवालांची नोंद व पडताळणी, टेबलावरील नमुन्यांची मोजमापे, मोजमाप साधनांच्या तपासणीच्या नोंदी अद्ययावत करणे, नव्या तपासनिसांना कार्यपद्धती समजावणे. खालच्या रॅकमधील मालाची तपासणी या काळात दुसऱ्या तपासनिसाकडे द्यावी लागेल.

५. फेरतपासणी दि. १० एप्रिल व २२ मे रोजी आहे. प्रत्येक तपासणीनंतर दोन दिवसांत नवे प्रमाणपत्र सादर करीन. प्रगती कमी-जास्त झाल्यास वरील तारखा त्यानुसार बदलाव्यात.

६. या योजनेत कामाचे एकूण ४५ दिवस रजा लागेल. बारा आठवडे सलग रजेत ती ७२ दिवस झाली असती. कमी तासांच्या दिवसांची हजेरी, वेतन व रजा यांची नोंद कशी होईल, ते कृपया मंजुरीपत्रात नमूद करावे.

७. पहिल्या दोन टप्प्यांत तळमजल्यावर बसण्याची जागा, पाय लांब करता येईल असे एक स्टूल आणि पहिल्या पाळीत नेमणूक मिळावी. फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून दोन दिवस कामाच्या वेळेनंतर जावे लागेल. या काळात जादा काम देऊ नये.

आपला विश्वासू,
(नाव, कर्मचारी क्रमांक, विभाग, सही)

सोबत: १. डिस्चार्ज कार्डाची प्रत २. बंधनांच्या तक्त्यासह वैद्यकीय प्रमाणपत्र

यातले मिनिटांचे आणि किलोचे आकडे नमुन्यादाखल आहेत. तुमचे सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट जे लिहून देतील तेच अर्जात उतरवा. अर्जात ५ किलो आणि प्रमाणपत्रात ३ किलो असे झाले की दोन्ही कागदांची किंमत जाते.

मुद्दा ४ बरेच जण लिहीतच नाहीत आणि कित्येकदा अर्ज त्यामुळेही अडतो. ‘हलके काम द्यावे’ एवढेच लिहिले तर ते काय असते हे वरिष्ठाने शोधायचे. तो म्हणतो, आमच्याकडे हलके काम नाही, पूर्ण बरे होऊन या. किंवा हलके म्हणून गेटवर नोंदी घ्यायला बसवतो, जिथे दर दोन मिनिटांनी उठून उभे राहावे लागते. त्याऐवजी तुमच्याच विभागातली, एरवी साठून राहणारी चार कामे नावानिशी द्या. अर्ज देण्याआधी विभागप्रमुखांशी फोनवर बोलून ती त्यांच्याकडूनच काढून घेतलीत तर अधिक चांगले. मग वरिष्ठ सही करतात ती स्वतःच सुचवलेल्या कामांवर. मुद्दा ६ मधली वेतनाची ओळ अवघड वाटली तरी ठेवा. तोंडी परवानगीवर चार तास काम केले आणि महिनाअखेरीस बारा पूर्ण गैरहजेऱ्या लागल्या, असे प्रकार होतात.

अर्जाची एक प्रत पोच घेऊन किंवा ईमेलने पाठवा. १३ एप्रिलला सकाळी थेट कामाच्या जागी जाऊ नका. आधी १० एप्रिलचे प्रमाणपत्र देऊन रुजू झाल्याची नोंद करा. ती नोंद नसताना कामावर काही इजा झाली तर तुम्ही रजेवर असताना तिथे कसे, असा प्रश्न उभा राहतो.

येण्या-जाण्याचे

उजवा गुडघा आहे म्हणून हे वेगळे लिहितो. ब्रेकचा पाय तोच. ब्रेस असताना आणि गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या चालू असताना गाडी चालवायची नाहीच. त्यानंतरही डॉक्टरांनी स्पष्ट ‘हो’ म्हणेपर्यंत नाही, कारण दुखणे थांबले तरी जोरात ब्रेक दाबण्याचा वेग यायला वेळ लागतो. दुचाकीवर आणखी एक धोका: तोल गेला की पाय टेकवून सगळे वजन पेलावे लागते. म्हणून चार तासांची पाळी मागताना ती कंपनीच्या बसच्या वेळेशी जुळते का, ते पाहा. सकाळी बस आहे आणि दुपारी परतीची काहीच सोय नाही, अशी अर्धी पाळी मिळाली तर चार तासांचे काम वाट पाहण्यातच सात तासांचे होते.

जिन्याचा नियम साधा आहे. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. पहिल्या मजल्यावर जागा असेल तर आग लागल्यास तुम्ही कसे उतराल, हे सुरक्षा अधिकाऱ्याला विचारून ठेवा. लिफ्ट त्या वेळी बंद असते.

रुजू झाल्यावर काय बिघडते

सर्वांत फसवा काळ सातव्या ते दहाव्या आठवड्यातला. दुखत नाही, ब्रेस निघाला, चाल सरळ झाली. सहकाऱ्यांना तुम्ही बरे दिसता आणि तुम्हालाही तसेच वाटते. अशातच कोणीतरी खालच्या रॅककडे बोट दाखवून ‘एवढे एकच खोके बघ ना’ म्हणते. वजनासकट खोल वाकणे आणि त्यातच पाय वळवणे, टाके उसवायला एवढे पुरते. अर्जाचा मुद्दा ३ पाळीप्रमुखाच्या हातात छापील असावा तो यासाठी. तोंडी नकार देताना संकोच होतो. कागद दाखवला की विषय संपतो.

पुढच्या टप्प्यावर जायचे की नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवा. संध्याकाळी थोडे जड वाटणे चालते. सकाळी उठल्यावर गुडघा आदल्या सकाळपेक्षा सुजलेला, ताठर असेल किंवा वाटीच्या वरची खळगी भरलेली दिसत असेल, तर आदल्या दिवशीचा भार जास्त झाला. शंका असेल तर वाटीच्या मध्यावर शिवणकामाच्या टेपने रोज एकाच जागी घेर मोजून लिहून ठेवा. एका दिवसाच्या सुजेवरून घाबरू नका, त्या दिवशी उभे राहणे निम्मे करा. दोन-तीन दिवस सूज टिकली तर मागच्या टप्प्यावर या आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. एचआरला कळवताना ‘दुखतंय’ एवढेच न लिहिता ‘(आ) टप्प्यातील उभे राहण्याची मर्यादा आणखी एक आठवडा कायम ठेवावी, तास तेच ठेवावेत’ असे लिहा. अर्जाच्या मुद्दा ५ मधल्या शेवटच्या वाक्याचा उपयोग इथे होतो. नवा अर्ज लागत नाही, फक्त तारीख सरकते.

काही लक्षणे मात्र टप्प्यांच्या हिशेबात बसत नाहीत. गुडघा अडकून सरळच न होणे, एकदम ‘कट्’ आवाजानंतर सूज, ताप येऊन गुडघा लाल आणि गरम होणे यांसाठी लगेच सर्जनकडे जा. पोटरी एकाच बाजूला सुजणे-दुखणे हे शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचे लक्षण असू शकते, त्यासाठी त्याच दिवशी दाखवा. त्याबरोबर किंवा त्याशिवायही अचानक धाप लागली, छातीत दुखू लागले तर थेट आपत्कालीन विभागात.

एचआरने टप्पे सरसकट नाकारले, तर कोणता भाग नाकारला ते लेखी विचारा. कित्येकदा अडचण कामाची नसते, पाळीची किंवा हजेरीच्या नोंदीची असते, आणि एकाआड एक दिवसाच्या रचनेने ती सुटते. ‘पूर्ण बरे झाल्यावरच या’ हेच उत्तर कायम राहिले, तर २४ मेपर्यंत रजा वाढवून मागा आणि त्यासाठी ‘बंधनांसह काम उपलब्ध नसल्याने’ हे कारण अर्जात लिहा. बंधने लपवून ‘योग्य’ असे साधे प्रमाणपत्र आणून पूर्ण पाळीला उभे राहू नका; गुडघ्याचे नुकसान झाले तर कागद तुमच्या विरुद्ध बोलेल.

शेवटचा कागद बरेच जण विसरतात. २ जुलैच्या सुमारास सर्जनना भेटून बंधने उठवल्याचे, किंवा एखादे बंधन पुढे चालू ठेवायचे असल्यास तेवढेच नमूद केलेले प्रमाणपत्र घ्या आणि एचआरला द्या. तोवर तुमच्या सेवा-नोंदीत ‘उकिडवे बसण्यास व वजन उचलण्यास मनाई’ हीच शेवटची नोंद राहते आणि पुढच्या बदलीच्या वेळी कोणीतरी तीच वाचते.